‘उत्स्फूर्त’ काढला, ‘हरताळ’ ठेवला

आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंग शिकवताना सोलापूर येतंच. इथल्या मुलांना तो भाग परका नसतो. चार हुतात्म्यांचे पुतळे येता-जाता दिसतात, आणि घरातलं कोणी ना कोणी गिरणीत कामाला असायचं. तरीही डिस्लेक्सिया असलेली मुलं त्या पानावर अडकतात. गोष्ट माहीत असते, शब्द फुटत नाहीत. म्हणून सोपं करून लिहायला आम्ही हाच भाग आधी घेतला. एका शाळेत मुलांना दिलेल्या टिपणातला हा परिच्छेद आहे:

> गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ ६ मे १९३० रोजी सोलापुरात हरताळ पाळण्यात आला. गिरणी कामगारांच्या उत्स्फूर्त सहभागामुळे आंदोलनाला व्यापक स्वरूप प्राप्त झाल्याने ते चिरडण्यासाठी प्रशासनाने केलेल्या गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे संतप्त झालेल्या जमावाने शासकीय इमारतींवर हल्ले केल्यावर परिस्थिती नियंत्रणात आणण्यासाठी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला.

वाक्यं तीनच, शब्द पंचेचाळीस. पेन्सिल घेऊन जोडाक्षर असलेल्या शब्दांना गोल केले तर चोवीस गोल होतात. म्हणजे दर दोन शब्दांमागे एक अडथळा, आणि तोही सुटा नाही, रांगेने.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट करून घेतो. हा परिच्छेद मुलाला वाचायला न देता आपण मोठ्याने वाचून दाखवतो आणि काय घडलं ते सांगायला लावतो. सोलापुरात ही पायरी गाळून चालत नाही. इथे मराठी शाळेत बसलेल्या मुलाच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असू शकते. ऐकून ज्याला सगळं कळतं पण वाचताना अडतं, त्याची अडचण अक्षर उलगडण्याची. ऐकूनही ज्याला ‘निषेध’ आणि ‘संतप्त’ लागत नाहीत, त्याची अडचण निदान त्या शब्दांपुरती भाषेची आहे. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, पण उपाय वेगळे. पहिल्यासाठी शब्दाचं रूप बदलायचं, दुसऱ्यासाठी शब्दाचा अर्थ द्यायचा. हे न तपासता ‘सोपं’ केलेला मजकूर बहुतेक वेळा चुकीच्या मुलासाठी सोपा होतो.

मराठीत जसं लिहितो बरंचसं तसंच वाचतो, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल दर वेळी चुकीचंच वाचेल असं नाही. पुष्कळदा ते बरोबर वाचतं, पण इतकं सावकाश, की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असते. वर्गात त्याला ‘येतं पण आळशी आहे’ असं म्हणतात. मजकूर सोपा करताना डोळ्यांसमोर ठेवायचा तो हा सावकाशपणा.

अडथळे नेमके कुठे असतात ते वरच्या परिच्छेदात दिसतं. ‘उत्स्फूर्त’ घ्या. त्, स् आणि फ एकमेकांत अडकलेले, खाली दीर्घ ऊकार, आणि शेवटी ‘त’च्या डोक्यावर रफार, जो उच्चारायचा मात्र ‘त’च्या आधी. ‘परिस्थिती’ मोठ्यांना किरकोळ वाटतो. पण त्यातल्या ‘स्थि’ची वेलांटी कागदावर अर्ध्या ‘स’च्याही आधी काढलेली असते आणि ऐकू येते ‘थ’च्या नंतर. मूल डावीकडून उजवीकडे अक्षर लावत जातं, त्याला मधेच मागे वळावं लागतं. तिथेच ‘परिस्तिथी’ होतं.

दुसरा अडथळा चिकटलेल्या प्रत्ययांचा. ‘चिरडण्यासाठी’ मधला मूळ शब्द ‘चिरड’, बाकी सगळी शेपटी. इंग्रजीत ही शेपटी सुट्या शब्दांत असते, म्हणून ‘छोटे शब्द वापरा’ हा तिथला सल्ला मराठीला जसाच्या तसा लागू पडत नाही. मराठीत शब्द लांब होतो तो बहुतेकदा व्याकरणाने. त्यामुळे नुसता सोपा समानार्थी शब्द शोधून भागत नाही, वाक्यच फिरवावं लागतं. शेपटी तोडून ‘चिरडण्या साठी’ असं सुटं लिहायचा मोह होतो. तो टाळावा, मूल वहीतही तसंच लिहायला लागतं.

तिसरा अडथळा अक्षराचा नाहीच. दुसऱ्या वाक्यात पाच घटना कोंबल्या आहेत: कामगार आले, आंदोलन वाढलं, सरकारला ते मोडायचं होतं, गोळीबार झाला, माणसं गेली. ‘झाल्याने’, ‘चिरडण्यासाठी’, ‘केलेल्या’ या तीन धाग्यांनी त्या ओवल्या आहेत. आणि ‘पुकारण्यात आला’ म्हणताना कोणी पुकारला तेच सांगितलेलं नाही.

पहिला खर्डा सगळ्यांचा जसा होतो तसाच झाला. सगळं तोडून टाकलं:

> गांधीजींना पकडले. सोलापूर बंद झाले. कामगार आले. गोळ्या झाडल्या. लोक मेले. लोक चिडले. त्यांनी हल्ले केले. लष्कर आले.

वाचायला फारच सोपा. मुलं भराभर वाचून मोकळी झाली. कागद पालथा करून सांगायला लावलं तेव्हा उत्तर आलं, “कामगारांनी गोळ्या झाडल्या.” मुलाचं काही चुकलं नव्हतं. ‘कामगार आले. गोळ्या झाडल्या.’ यात शेवटचा कर्ता कामगारच आहे. वाक्यं तोडताना कर्ता गळाला, आणि इतिहास उलटा झाला. ‘का’ सुद्धा गळालं: हल्ले का झाले, हे आठ वाक्यांत कुठेच नाही. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, तेही नाही. ‘लष्कर आले’ आणि ‘लष्करी कायदा पुकारला’ या तर दोन वेगळ्या गोष्टी. शिवाय ‘हरताळ’ हा शब्द उडाला, आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात.

म्हणून दुसऱ्या खर्ड्याच्या आधी मूळ परिच्छेदावर काम केलं. कोऱ्या कागदावर प्रत्येक घटना एका ओळीत, तिच्यासमोर ‘कोणी?’ आणि त्याच्यापुढे ‘कशामुळे?’. ‘कोणी’चा रकाना रिकामा राहिला की मूळ मजकुरात कर्ता लपवला आहे असं समजायचं आणि तो शोधून भरायचा. मग शब्दांची विभागणी. मुलाला पुढे लागणारे, परीक्षेत येणारे शब्द ठेवायचे आणि तिथल्या तिथे अर्थ द्यायचा: हरताळ, लष्करी कायदा. नुसती लेखकाची ऐट असलेले काढायचे: उत्स्फूर्त, व्यापक स्वरूप, प्राप्त. ‘पुकारला’ आम्ही आधी बदलून ‘लावला’ केला होता, मग परत आणला. त्यात जोडाक्षर नाही, आणि ‘बंद पुकारला’ सोलापूरच्या मुलाला पाठ आहे. शब्द पुस्तकी दिसला म्हणून तो अवघड असतोच असं नाही.

शेवटी उभा राहिला तो मजकूर असा:

> सोलापूरचा हरताळ
>
> इंग्रज सरकारने गांधीजींना पकडले. हे ५ मे १९३० रोजी घडले. सोलापूरच्या लोकांना राग आला. म्हणून ६ मे रोजी लोकांनी शहरात हरताळ पाळला. हरताळ म्हणजे सगळे काम आणि दुकाने बंद ठेवणे.
>
> पोलिसांचा गोळीबार
>
> गिरणी कामगार हरताळात सामील झाले. लढा वाढला. सरकारला हा लढा मोडायचा होता. म्हणून पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. गोळ्या लागून काही लोकांचा जीव गेला.
>
> लष्करी कायदा
>
> या गोळीबारामुळे लोक फार चिडले. लोकांनी सरकारी इमारतींवर हल्ले केले. शहर सरकारच्या ताब्यात राहिले नाही. म्हणून सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. लष्करी कायदा म्हणजे शहराचा कारभार लष्कराच्या हाती देणे.

मथळे सोडून शब्द मोजले तर ब्याऐंशी. पंचेचाळीसाचे जवळजवळ दुप्पट. हे पाहून शिक्षक दचकतात: वाचायला जड जातं त्याच मुलाला दुप्पट वाचायला लावायचं? पण वाक्यं तीनाची पंधरा झालीत, सर्वांत लांब वाक्य अठरा शब्दांवरून आठावर आलंय, आणि जोडाक्षराचे शब्द चोवीसाचे सोळा झालेत. त्या सोळांतही दहा जागा ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘गोळ्या’ आणि ‘लष्कर’ या चारच शब्दांनी अडवल्या आहेत. एकदा फुटलेला शब्द पुढच्या वेळी ओळखीचा असतो, म्हणून शब्दांची पुनरुक्ती इथे दोष नाही. निबंधात ‘लोक’ इतक्यांदा आलं असतं तर लाल शेरा पडला असता. इथे ‘लोक’, ‘जमाव’, ‘नागरिक’, ‘आंदोलक’ असं फिरवत बसलो तर मुलाला चार वेगळ्या टोळ्या वाटतात.

‘म्हणून’ला आम्ही हात लावला नाही. ‘म्ह’ जोडाक्षरच आहे, पण कारण आणि परिणाम बांधणारा तो एक शब्द मुलाने अख्खा, चित्रासारखा ओळखावा असा आहे. प्रत्येक परिच्छेदात तो एकदाच येतो, आणि नेहमी वाक्याच्या सुरुवातीला.

काही बारीक गोष्टी छापून पाहिल्यावरच लक्षात आल्या. मधला मथळा आधी ‘कामगार आणि गोळीबार’ होता. पहिल्या खर्ड्यातली चूक मथळ्यातून परत येत होती, म्हणून ‘पोलिसांचा गोळीबार’ केला. ‘६ मे रोजी’च्या जागी बोलण्यातलं ‘६ मेला’ लिहिलं होतं. ते मोठ्याने वाचून पाहा. ‘लोक मेले’ सोपं होतं खरं, पण हुतात्म्यांच्या गावात ते कानाला बोचतं, आणि ‘जीव गेला’ तितकंच सोपं आहे. ‘पकडले’चं ‘पकडलं’ केलं नाही. बोलीतलं रूप जवळचं वाटतं, पण मुलाच्या पुस्तकात सगळीकडे ‘ले’ आहे. एकाच शब्दाची दोन रूपं त्याच्या गळ्यात कशाला घाला?

हेच जोडाक्षरांच्या छपाईलाही लागू. बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असं ‘द’चा पाय मोडून छापलेलं असतं, आपल्या संगणकावर मात्र ते आपोआप ‘विद्यार्थी’ होतं. मुलाच्या पुस्तकात जे रूप असेल तेच ठेवावं. पाय मोडलेलं हवं असेल तर वर्डमध्ये हलन्तानंतर `200C` टाइप करून `Alt+X` दाबायचं. त्या जागी न दिसणारं एक चिन्ह बसतं आणि अक्षरं जुळत नाहीत.

नावं आणि तारखा हा वेगळा विषय. फाशी गेलेल्या चौघांची नावं सोपी करता येत नाहीत. ‘मल्लप्पा धनशेट्टी’ या दोन शब्दांत तीन जोडाक्षरं आहेत. वाक्यात चारही नावं स्वल्पविरामांनी जोडली की मूल पहिल्या नावावरच दमतं. त्यामुळे आधी वाक्य पूर्ण केलं आणि नावं खाली एकेका ओळीत दिली:

> इंग्रज सरकारने सोलापूरच्या चार जणांना फाशी दिली.
>
> मल्लप्पा धनशेट्टी
> जगन्नाथ शिंदे
> कुर्बान हुसेन
> श्रीकिसन सारडा

वाचायला देण्याआधी ही नावं आपण म्हणून दाखवायची आणि मुलाकडून म्हणवून घ्यायची. तोंडात बसलेलं नाव कागदावर ओळखणं सोपं जातं. सारडांचं नाव कुठे ‘श्रीकिसन’, कुठे ‘श्रीकृष्ण’ असं छापलेलं आढळतं. मुलाच्या पुस्तकात असेल तेच घ्यावं आणि शेवटपर्यंत बदलू नये.

तारखांमध्ये एक सापळा आहे. लष्करी कायदा १२ मे १९३० ला लागू झाला आणि फाशी १२ जानेवारी १९३१ ला झाली. दोन्ही बारा. परिच्छेदात त्या दोन ओळींच्या अंतरावर आल्या की हमखास एकमेकींत मिसळतात. मजकुरातून त्या काढून शेवटी एक उभी पट्टी केली: डावीकडे तारीख, उजवीकडे दोन-तीन शब्द, १९३० संपलं तिथे आडवी रेघ. वर्ष ओलांडल्याचं मुलाला रेघेवरून कळतं, आकड्यावरून नाही.

मांडणीत सर्वांत जास्त घोळ अक्षरांतल्या अंतराने घातला. अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवली तर डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला मदत होते, असं २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं. ते रोमन लिपीसाठी ठीक आहे. देवनागरीत तेच करायला गेलं की शिरोरेषा तुटते, काना अक्षरापासून दूर सरकतो, आणि ‘राग’मधला ‘रा’ हा ‘र’ आणि एक उभी काठी असा दिसायला लागतो. आमच्या लिपीत जागा वाढवायची ती दोन शब्दांच्या मध्ये. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मजकूर पक्का झाल्यावर एका स्पेसच्या जागी दोन स्पेस घालणे. हे अगदी शेवटी करावं, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला घोळ होतो. ‘६ मे’ किंवा ‘लष्करी कायदा’ ओळीच्या शेवटी फुटू नये म्हणून त्यांच्या मधल्या स्पेस काढून तिथे `Ctrl+Shift+Space` द्यावा. दुहेरी स्पेस घालून झाल्यावर द्यावा, म्हणजे तो पुसला जात नाही.

बाकी मांडणी लवकर जमते. साधा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घेतला (मुक्ता किंवा नोटो सान्स), आकार १६, ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने त्याहून कमी अंतरात ओळी एकमेकींत घुसतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये कुठे भगदाड, कुठे दाटी होते. अधोरेखन अजिबात नाही, कारण रेघ नेमकी ऱ्हस्व-दीर्घ उकारांवर बसते आणि ‘कु’ की ‘कू’ ते कळत नाही. महत्त्वाचा शब्द ठळक करावा, तोही पहिल्यांदा येतो तिथेच. कागद फिकट पिवळसर, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो, पण पातळ नको. मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसली तर सगळी मेहनत वाया जाते.

परिच्छेद पाडण्याबद्दल एक मतभेद होता. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर द्यावं असं काहींना वाटत होतं. तसं छापून पाहिलं. मुलं ते कवितेसारखं वाचत होती, प्रत्येक ओळीवर थांबून, आणि ‘म्हणून’ आधीच्या ओळीशी जोडलाच जात नव्हता. परिच्छेदच बरा. त्यात एकच टप्पा, चार-पाच वाक्यं, खाली पूर्ण एक ओळ रिकामी, आणि टप्पा बदलला की मथळा.

तपासणी एकेका मुलाची, बाकीच्यांपासून दूर. मुलाच्या हातात एक प्रत, आपल्या हातात दुसरी. तो थांबला तिथे तिरकी रेघ, चुकला तिथे गोल, मागे जाऊन पुन्हा वाचलं तिथे उलटा बाण. मधे सुधारायचं नाही. तीन-चार मुलांच्या प्रती शेजारी ठेवल्या की एकाच शब्दावर सगळ्यांचे गोल दिसतात, तो शब्द बदलायचा. एकाच मुलाचा गोल असेल तर तो शब्द राहू द्यावा आणि त्या मुलासाठी वेगळा सराव घ्यावा. आमच्या मजकुरात बाण एकाच जागी जमले होते, ‘शहर सरकारच्या ताब्यात राहिले नाही’ या वाक्यावर. शब्द सगळे फुटत होते, पण ‘नाही’ अगदी शेवटी येतो आणि तोवर मुलांनी ‘ताब्यात राहिले’ असा अर्थ धरलेला असायचा. ते वाक्य आता ‘शहराचा ताबा सरकारच्या हातून गेला’ असं आहे.

वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, सगळे हो म्हणतात. कागद पालथा करून ‘गोळ्या कोणी झाडल्या?’, ‘लोक का चिडले?’ एवढंच विचारायचं.

एवढं करून झाल्यावर घटक चाचणीत मुलं पुन्हा अडली, आणि ती मजकुरावर नाही, प्रश्नावर. प्रश्न होता: ‘सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात येण्यामागील कारणे स्पष्ट करा.’ उत्तर त्यांना येत होतं, पण ‘पुकारण्यात येण्यामागील’ ओलांडून पलीकडे जाता येत नव्हतं. शाळेच्या चाचणीत तरी प्रश्न आपल्या हातात असतो. आता धड्यासोबत प्रश्नही फिरवून घेतो: ‘सरकारने सोलापुरात लष्करी कायदा का पुकारला? दोन कारणे लिहा.’ बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेला मात्र हात लावता येत नाही. म्हणून शेवटच्या पानावर एक चौकट ठेवली आहे. डावीकडे ‘कारणे स्पष्ट करा’, ‘निषेधार्थ’ आणि ‘पुकारण्यात आला’ हे तीनच तुकडे, उजवीकडे ‘का ते लिहा’, ‘विरोध म्हणून’ आणि ‘पुकारला’. चौथा तुकडा घातला की मुलं चौकट वाचत नाहीत.